सासूबाई भांडेनाशा झाल्या

आमच्या घरात शांतता नांदू लागली तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं, एक मला सोडून. मी काही शांततेची वैरीण नाही. पण लग्न होऊन आल्यापासून ज्या बाईनं माझ्या प्रत्येक भाकरीला नाव ठेवलं, ती एके दिवशी काठाला कच्ची राहिलेली भाकरी मुकाट्यानं खाते आणि ताट बाजूला सारते, तेव्हा माणसानं स्वस्थ कसं बसावं? मी त्या दिवशी मुद्दाम भाजीत मीठ जास्त टाकून पाहिलं. तीही निमूट खाल्ली गेली. मग मात्र मी घाबरले.

ती बाई म्हणजे माझी सासू. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. शेलूबाजारला हायवेवर माझ्या नवऱ्याचं पाइप आणि तुषार सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे, दुकानामागे घर आणि घरामागे थोडं शेत. या सगळ्यावर आत्याबाईंचं राज्य होतं. दुकानात गिऱ्हाईक जास्त घासाघीस करायला लागलं की त्या घरातूनच ओरडायच्या, आणि गिऱ्हाईक निमूट पाइप उचलायचं. माझ्यावर तर त्यांचा तोंडाचा पट्टा सकाळपासून सुरू. मीही काही कमी नव्हते. आमची भांडणं ऐकायला शेजारीण भिंतीपाशी धुणं वाळत घालायची. भांडून झालं की दोघी मिळून चहा प्यायचो, आणि चहात साखर कमी की जास्त यावरून पुन्हा सुरू व्हायचं.

सगळं सुरू झालं ते एका चक्करीपासून. एका सकाळी त्यांनी अंथरुणात कूस बदलली आणि एकदम किंचाळल्या, "धरा वो मले, घर फिरून राह्यलं!" डोळे मिटून दोन्ही हातांनी बाज घट्ट धरली होती. उलटीही झाली. नवऱ्यानं त्यांना गाडीत घालून मंगरूळपीरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं, चक्करीची गोळी दिली, थोडे दिवस घ्या आणि परत दाखवायला या, असं सांगितलं. गोळीनं आराम पडला. आराम पडल्यावर परत दाखवायला कोण जातं? आमच्याकडे तरी कोणी जात नाही.

गोळी मात्र राहिली. ती कशी राहिली हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. शेलूबाजारात औषधांची दुकानं आहेत, पण तिथे त्याच औषधाचं दुसऱ्या कंपनीचं पाकीट मिळायचं. आत्याबाईंना वाचता येत नाही. त्या औषध ओळखतात ते पाकिटाच्या रंगावरून. रंग वेगळा म्हणजे औषध वेगळं. "हे थे नाई," म्हणून त्यांनी ते परत पाठवलं. तेव्हापासून रीत पडली. पाकीट संपत आलं की रिकामं पाकीट पदराच्या गाठीतून सोडायचं, स्टँडवर जाऊन मंगरूळच्या फेऱ्या करणाऱ्या काळीपिवळी जीपवाल्याच्या हातात द्यायचं आणि म्हणायचं, "बापू, असंच आणजो." तो ते रिकामं पाकीट वरच्या खिशात ठेवायचा, मंगरूळला औषधाच्या दुकानात दाखवायचा आणि संध्याकाळच्या फेरीला भरलेलं आणून द्यायचा. आमच्याकडे निम्म्या गावाची औषधं अशीच येतात. डॉक्टर नाही, चिठ्ठी नाही. रिकामं जातं, भरलेलं येतं.

त्यात माझी नणंद रिठदहून राखीला आली. तिच्या सासूलाही चक्कर यायची, आणि रिसोडच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी, तिच्या म्हणण्याप्रमाणे, जादूची होती. "आई, हे घेऊन पाय. डोकं कसं फुलावानी हलकं होते." लेकीनं आणलेलं औषध, त्यामुळे त्याच्या रंगाबद्दल आत्याबाईंनी एक शब्द काढला नाही. संपलं की ती पुन्हा पाठवायची. मंगरूळची सकाळी आणि संध्याकाळी, रिठदची रात्री जेवल्यावर. दोन रंगांची पाकिटं, म्हणजे दोन वेगळी औषधं. असं आम्ही सगळेच समजत होतो.

आधी आली ती झोप. आत्याबाई दुपारी ओट्यावर बसल्या बसल्या पेंगायला लागल्या. हातातली शेंग तशीच, मान खाली. मी हाक मारली तर दचकून म्हणायच्या, "जागीच हाये," आणि पुन्हा डुलकी. नवरा म्हणाला, "वय झालं आता, झोपू दे ना." नणंद म्हणाली, "जलमभर राबली माई माय." मी आपली घरभर फिरत होते. त्या जागेवर असूनही नसल्यासारख्या झाल्या होत्या, आणि माझ्याशी वाद घालायलाच कोणी नव्हतं.

मग गेल्या उन्हाळ्यात सरगुंडे आले. आमच्या वऱ्हाडात जावई आंब्याच्या दिवसांत आला की त्याला रसासोबत सरगुंडे लागतात. कणीक भिजवून तिची बारीक दोरी वळायची, ती काडीवर गुंडाळत जायची आणि काडी अलगद ओढून घ्यायची. मग ती वेटोळी वाळवायची. आत्याबाईंचे सरगुंडे इतके सारखे असायचे की लोक विचारायचे, साच्यातून काढले का? माझे मात्र कायम जाडे-बारीक. त्यावरून मला किती बोलणी बसली असतील ते मीच जाणते.

त्या उन्हाळ्यात त्या परातीपाशी बसल्या आणि दोरी बोटांतून पुढेच सरकेना. अंगठा आणि बोट एकमेकांवर नुसते थरथरत होते. दोरी तुटायची. त्या पुन्हा वळायच्या, पुन्हा तुटायची. मी शेजारी बसून वाट पाहत होते की आता कणकेला शिव्या पडतील, गव्हाला पडतील, निदान मला तरी. काही नाही. त्यांनी हात परातीच्या काठावर ठेवले, आणि परात बारीक वाजत राहिली. मी उठून आत गेले. जावयानं, म्हणजे नणंदेच्या नवऱ्यानं, माझे जाडे सरगुंडे खाल्ले आणि छान झालेत म्हणाला.

पावसाळाभर हे वाढतच गेलं. चहाची कपबशी त्यांच्या हातात खडखडायची, म्हणून मी चहा पेल्यात द्यायला लागले. चालताना पाऊल उचलायचंच नाही. चपला फरशीवर घासत, पुढे वाकून, छोटी छोटी पावलं टाकत त्या मोरीपर्यंत जायच्या. चालताना दोन्ही हात पोटाशीच. तोंडाच्या कडेला लाळ यायची. आणि चेहरा! मला सर्वांत जास्त त्रास चेहऱ्याचा व्हायचा. नातू शाळेतून बक्षीस घेऊन आला तरी तोच चेहरा, शेजारी कोणी वारलं तरी तोच. डोळ्यांची पापणीसुद्धा कधीतरीच लवायची.

येणारेजाणारे म्हणायचे, "बुढी लय सुधरली वो तुमची. किती शांत झाली!" शेजारीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "सुटली तू." मला इतका संताप आला की मी तिच्या हातातला चहाचा पेला काढून घ्यायचीच बाकी होते. आत्याबाई तिथेच बसल्या होत्या, हाताच्या अंतरावर. लोक त्यांच्यासमोरच त्यांच्याबद्दल असं बोलायचे, जणू भिंतीबद्दल बोलतायत.

दिवाळीनंतर त्या अंगणात पाण्याच्या टाकीपाशी पडल्या. हाड मोडलं नाही, पण कपाळ फुटलं. टाके घालायला नेलं तिथल्या डॉक्टरांनी हात हलवून पाहिले, चालवून पाहिलं आणि म्हणाले, कंपवात दिसतोय, वाशिमला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. मग विचारलं, "आजींना काही गोळ्या चालू आहेत?" नवरा ठामपणे म्हणाला, "नाई नाई. बीपी नाई, शुगर नाई, कायीच चालू नाई." मीही मान डोलावली. चक्करीची गोळी ही आमच्या हिशेबी गोळी नव्हतीच. बाम, चहा, तपकीर यांच्या रांगेत ती जाऊन बसली होती.

कंपवात हा शब्द घरात आला आणि दीर अकोल्याहून आले. दोघे भाऊ ओसरीत बसून ठरवत होते. हा आजार वाढतच जातो, आता जन्मभर गोळ्या, पुढे अंथरूण, एखादी बाई ठेवावी लागेल, आईला चुलीजवळ जाऊ द्यायचं नाही. सगळं बरोबरच होतं. वाईट कोणीच बोलत नव्हतं. पण मी धान्य निवडता निवडता ऐकत होते आणि सुपात खडे कुठले, दाणे कुठले काही कळत नव्हतं. या बाईला चूल नाही म्हटलं तर उरलं काय तिच्यात? मी दिरांना म्हटलं, "आधी वाशिमले तर जाऊ द्या. तुमी तर तेरावं उरकून बसले." दिरांना ते लागलं. लागू दे.

वाशिमला मीच निघाले त्यांना घेऊन. नवऱ्यानं दुकान सोडता येत नाही म्हणून स्टँडपर्यंत सोडलं. आत्याबाईंना बसमध्ये चढवायला दोघंजण लागले. बस सुटायच्या आत आमचा मंगरूळचा काळीपिवळीवाला धावत खिडकीपाशी आला. "काकू, बुढीची गोळी! काल द्याचं राह्यलं." मी ते पाकीट घेतलं आणि दवाखान्याच्या कागदांच्या पिशवीत कोंबलं.

वाशिमचे डॉक्टर अघळपघळ बोलणारे नव्हते. त्यांनी आत्याबाईंना बोटं पटापट मिटायला-उघडायला सांगितली, कोपरातून हात वाकवला, खोलीच्या टोकापर्यंत चालवून वळायला लावलं. वळायला त्यांना इतकी पावलं लागली की मी नजर दुसरीकडे फिरवली. डॉक्टर म्हणाले, "दोन्ही बाजू सारख्याच आहेत. सुरुवातीला एका बाजूनं होतं का?"

मी परातीवर थरथरणाऱ्या दोन्ही हातांचं सांगितलं.

"औषधं काय घेतात?"

"कायीच नाही," मी म्हटलं, आणि त्यांना जुना कागद दाखवायला पिशवीत हात घातला. कागदाबरोबर पाकीट बाहेर आलं आणि टेबलावर पडलं. डॉक्टरांनी ते उचललं, उलटं करून वाचलं.

"हे काय?"

"ते चक्करीचं आहे. औषध नाही तसं."

माझंच वाक्य माझ्या कानावर पडलं.

"किती दिवसांपासून?"

गेल्या वर्षीच्या राखीच्याही आधीपासून, मी हिशेब करत म्हटलं. आणि मग रिठदच्या पाकिटाबद्दलही सांगितलं. आत्याबाईंच्या पदराच्या गाठीत ते होतं. मी गाठ सोडली. डॉक्टरांनी दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवली आणि दोन्हींवरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. सिनारिझिन. इकडेही, तिकडेही, रिठदच्या गोळीत त्याच्यासोबत आणखी एक झोप आणणारं औषध. म्हणजे आत्याबाई एकच औषध दोन रंगांतून दिवसात तीनदा घेत होत्या.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी सावकाश समजावलं. ही गोळी थोड्या दिवसांसाठी असते. झोप तर येतेच. पण मेंदूत हालचाल चालवणारं एक द्रव्य असतं, त्याचं काम ही गोळी अडवते. तरुण माणूस निभावून नेतो. म्हातारपणी ते द्रव्य आधीच कमी झालेलं असतं, आणि गोळी महिनोन्‌महिने चालली की हात थरथरतात, अंग ताठतं, पाऊल उचलत नाही, चेहरा थिजतो. दिसायला हुबेहूब कंपवात.

"मंग गोळी बंद केली का जाईल?" मी विचारलं. घाबरले की माझी भाषा घरची होते.

"बहुतेकांचं जातं. लगेच नाही. महिने लागतात. काहींचं पूर्ण जात नाही, आणि काहींच्या अंगात खरा कंपवात आधीपासून लपलेला असतो, तो मागे उरतो. आज मी सांगू शकत नाही. नवीन गोळी काही देत नाही. या दोन्ही बंद करा, आणि चक्कर परत आली तर गोळी न देता इकडे घेऊन या."

परतीच्या बसमध्ये आत्याबाई खिडकीला टेकून बसल्या होत्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. बरं होईल की नाही, हे कोणीच सांगायला तयार नव्हतं, आणि वाट पाहणं मला कधीच जमलेलं नाही. मालेगावला शेंगदाणे घेतले आणि आम्ही दोघींनी खाल्ले, म्हणजे मी खाल्ले.

खरी परीक्षा पुढेच होती. गोळ्या थांबवून आठवडाही झाला नसेल, तोच चक्कर परत आली. सकाळी कूस बदलताना त्या ओरडल्या. बाजेला धरून थरथरत, उलट्या करत, "गोळी दे व माय, गोळी दे," म्हणत होत्या. नवरा म्हणाला, "एक देऊन टाक ना, एकीनं काय होते?" योगायोगानं नणंद आलेली. तिनं पिशवीतून तिचं जादूचं पाकीट काढलं. मी तिच्या हातातून ते ओढलं आणि पोलक्यात कोंबलं.

"काहून वो, माई माय मरून राह्यली अन् तू गोळी लपवते?" नणंद रडायला लागली.

"मरून नाई राह्यली. घर फिरून राह्यलं त्यायचं. थांबीन थे."

"सुडाची हाये तू! जलमभर भांडली तिच्याशी, आता बदला घेते!"

सगळ्या जगाला हेच वाटणार होतं, हे मला तेव्हा लख्ख कळलं. नवराही माझ्याकडे तसंच पाहत होता. तरी गोळी मी दिली नाही. गाडी काढायला लावली आणि आत्याबाईंना पुन्हा वाशिमला नेलं, त्यांचे डोळे मिटलेले, डोकं माझ्या मांडीवर, मधे मधे थांबत.

या वेळी डॉक्टरांनी त्यांना टेबलावर बसवलं, मान एका बाजूला वळवून झटक्यात आडवं केलं, डोकं टेबलाच्या काठाखाली. आत्याबाईंचे डोळे भराभर हलायला लागले. त्यांनी माझं मनगट इतकं करकचून धरलं की बांगडी फुटली. डॉक्टर म्हणाले, कानाच्या आत बारीक कण असतात, ते जागचे निसटले की मान वळताच जग फिरतं. ते गोळीनं जागेवर जात नाहीत. त्यांनी डोकं धरून हळूहळू दुसऱ्या बाजूला वळवलं, मग सगळं अंगच कुशीवर, मग उठवून बसवलं. आत्याबाईंनी टेबल धरूनच खोलीभर पाहिलं. मग म्हणाल्या, "थांबलं." नणंद सोबत होती; ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

चक्कर गेली. पुढे एकदा आली, तेव्हा पुन्हा तसंच करून घेतलं. पण थरथर? ती कुठे जात होती! रोज सकाळी मी त्यांच्या हातात मुद्दाम कपबशी द्यायचे आणि कान लावून बसायचे. खडखडते. खडखडते. आज कमी का? नाही, तितकीच. नवरा म्हणायचा, "तू तिले सुखानं चहाबी पिऊ देत नाई." मी चिडचिडी झाले. पोळ्या करपू लागल्या, दूध उतू गेलं, आणि त्याबद्दल मला कोणी बोलेना. संक्रांत गेली, होळी गेली. काळीपिवळीवाला एकदा स्वतःहून नवं पाकीट घेऊन आला. मी त्याच्यावर अशी काही खेकसले की तो बिचारा अजून मला पाहून हॉर्न वाजवत नाही.

पहिली सुटली ती झोप. मग एक दिवस लक्षात आलं की मोरीकडे जाताना चपलांचा आवाज घासण्याचा नाही, आपटण्याचा येतोय. मी हातातलं काम टाकून नुसती ऐकत उभी राहिले. नंतर नातवानं काहीतरी वेडेपणा केला आणि त्यांच्या ओठाची एक कड वर गेली. हसू म्हणावं इतकं ते नव्हतं. मी तरी हसूच धरलं.

आणि या उन्हाळ्यात पुन्हा परात बाहेर आली. जावई यायचा होता. मी कणीक भिजवली आणि परात मुद्दाम त्यांच्यापुढे ठेवली, माझ्यापुढे दुसरी घेतली. त्यांच्या डाव्या हाताला अजून बारीक कंप आहे. डॉक्टर म्हणतात तो राहीलही, बघत राहायचं. उजव्या हातानं त्यांनी दोरी वळायला घेतली. पहिली तुटली. दुसरी तुटली. मी माझ्या कणकेकडेच पाहत होते, कारण त्यांच्याकडे पाहायची माझी हिंमत नव्हती. मग बराच वेळ काही तुटल्याचं जाणवलं नाही. तिरक्या नजरेनं पाहिलं तर काडीवर वेटोळी चढत होती, पहिल्यासारखी एकसारखी नव्हे, पण चढत होती.

"हे काय दोरखंड वळून राह्यली का व तू?"

मी मान वर केली. त्या माझ्या परातीकडे पाहत होत्या. भुवया आवळलेल्या. चेहऱ्यावर तोच जुना तिरस्कार, स्वच्छ आणि जिवंत.

"इतके वर्सं झाले, तुले बारीक वळता नाई आलं. बैल बांधाचा हाये का यानं?"

मला बोलायचं होतं काहीतरी झोंबणारं. पण मी तशीच कणकेच्या हातानं डोळे पुसले, आणि कणीक डोळ्यात गेली. त्यांनी काडीवर आणखी एक वेटोळं चढवलं. मग खाली पाहूनच म्हणाल्या, "लोकं म्हनत होते ना, बुढी सुधरली म्हनून. थे तुयी शेजारीनबी."

"तुमाले आयकू येत होतं?"

"आयकू न याले का झालं? कान कुठी गेलते माये? समदं आयकू येत होतं. तोंडच हालत नव्हतं." त्यांनी काडी ओढली, सरगुंडा ताटात पडला. "आतून मी भांडूनच राह्यलती."

"कोनाशी?"

"अजून कोनाशी? तुयाशीच."